सेल्सिअसची नोंदवही फॅरनहाइटमध्ये नेताना: ३२ कुठे मिळवायचे आणि कुठे नाही

बंगडा, सुरमई, कुपा यांच्या निर्यातीचं काम ज्यांनी केलंय त्यांना तापमानाची वही काय चीज आहे ते सांगायला नको. या माशांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा गरम राहिला की जिवाणू त्या हिस्टिडीनचं विषबाधा करणारं हिस्टामाइन करतात, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामाइन तळून, शिजवून किंवा गोठवून जात नाही. म्हणून रत्नागिरी असो, हर्णे असो की मालवण, मासा बंदरावरून कारखान्यात आला की सुई थर्मामीटर त्याच्या पोटाशी टोचून आकडा लिहून ठेवावा लागतो. आपल्याकडे ही वही सेल्सिअसमध्ये असते. अमेरिकेच्या एफडीएची मार्गदर्शिका मात्र असा मासा थंड साठवताना ४० अंश फॅरनहाइट किंवा त्याखाली ठेवा असं म्हणते, आणि तिकडचा खरेदीदार अहवालही त्याच मापात मागतो. सरासरी द्या, प्रमाण विचलन द्या, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते सांगा, दोन्ही फॅरनहाइटमध्ये.

इथेच गाडी घसरते. सूत्र सगळ्यांना पाठ असतं: १.८ ने गुणा आणि ३२ मिळवा. सरासरीला ते बरोबर लागू पडतं. प्रमाण विचलनाला तेच लावलं की जो आकडा येतो तो इतका विचित्र असतो की वाचणाऱ्याने वही मिटून ठेवावी. तरी तसे अहवाल जातात, कारण मोबाइलवरचं कन्व्हर्टर काही तक्रार करत नाही.

आधी वही सेल्सिअसमध्येच नीट वाचा

उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. रात्रभर चिल रूममध्ये ठेवलेल्या बंगड्याच्या दहा क्रेटमधून एकेक मासा काढला, सुई टोचली आणि आकडे चढत्या क्रमाने लावले:

१.०, १.५, २.०, २.०, २.५, २.५, २.५, ३.०, ३.५, ४.५

बेरीज २५, म्हणून सरासरी २.५ अंश सेल्सिअस. आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते पाहा. पहिला १.५ ने खाली, शेवटचा २ ने वर, मधले तीन नेमके सरासरीवर. या अंतरांचे वर्ग करून बेरीज केली तर ९ येते. हे दहा मासे म्हणजे सगळ्या मालातला नमुना आहे, म्हणून दहाने न भागता नऊने भागायचं. उत्तर १. हे झालं प्रचरण, ज्याला बरेच जण व्हेरियन्सच म्हणतात. त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन, तेही १.० अंश. (आकडे मुद्दाम असे निवडलेत की हे हाताने करता यावं. खऱ्या वहीत इतकं गुळगुळीत काही येत नाही.)

आता दहाही आकडे फॅरनहाइटमध्ये न्या

एकदा तरी हे लांबच्या वाटेने करून पाहा, म्हणजे पुढचे नियम घोकावे लागत नाहीत. प्रत्येक आकड्याला १.८ ने गुणून ३२ मिळवले की यादी अशी होते:

३३.८, ३४.७, ३५.६, ३५.६, ३६.५, ३६.५, ३६.५, ३७.४, ३८.३, ४०.१

बेरीज ३६५, सरासरी ३६.५. थेट २.५ ला सूत्र लावलं असतं तरी ४.५ अधिक ३२, म्हणजे ३६.५ च आले असते. सरासरी आकड्यांबरोबर जाते: प्रत्येकाला गुणलं तर तीही गुणली जाते, प्रत्येकात मिळवलं तर तिच्यातही मिळवलं जातं. मधला आकडा म्हणजे मध्यक, सगळ्यात थंड मासा, सगळ्यात गरम मासा, यांचंही तसंच. ही सगळी तापमानपट्टीवरची जागा सांगणारी मापं आहेत, त्यांना पूर्ण सूत्र लागतं.

विचलन काढू. सगळ्यात थंड मासा ३६.५ पासून २.७ ने खाली आहे. सेल्सिअसमध्ये तो १.५ ने खाली होता, आणि १.५ गुणिले १.८ बरोबर २.७. सगळ्यात गरम मासा ३.६ ने वर, पूर्वी २ ने वर होता. प्रत्येक अंतर नेमकं १.८ पट झालं आणि ३२ चा मागमूस राहिला नाही. कारण उघड आहे. माशाच्या आकड्यात ३२ मिसळले, तसे सरासरीतही ३२ मिसळले, आणि वजाबाकी केली तेव्हा दोन्ही उडाले. भरती आली की जेटीला बांधलेल्या सगळ्या होड्या एकदम वर चढतात, पण मोठ्या होडीची नाळ लहान होडीपेक्षा जितकी उंच होती तितकीच उंच राहते. मिळवलेला स्थिरांक म्हणजे ती भरती.

म्हणून प्रमाण विचलन १.० गुणिले १.८, म्हणजे १.८ अंश फॅरनहाइट. ३३.८ नव्हे. सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम माशातलं अंतरही तसंच जातं: ३.५ होतं ते ६.३ झालं, आणि ४०.१ मधून ३३.८ वजा करून ते तपासता येतं. प्रचरणात मात्र अंतरांचे वर्ग असतात, म्हणून गुणकाचाही वर्ग घ्यायचा. १.८ चा वर्ग ३.२४, तेव्हा प्रचरण १ चं ३.२४ होतं. फॅरनहाइटच्या यादीवरून पुन्हा मोजाल तर वर्गांची बेरीज २९.१६ येते आणि नऊने भागल्यावर ३.२४ च मिळतात.

एक्सेलमध्ये सेल्सिअसचे आकडे A2 ते A11 मध्ये असतील तर एवढंच लागतं:

```
=AVERAGE(A2:A11)*1.8+32
=STDEV.S(A2:A11)*1.8
=VAR.S(A2:A11)*1.8^2
```

एक्सेलमध्ये CONVERT नावाचं तयार फंक्शनही आहे आणि खरा सापळा तेच आहे. `=CONVERT(1,"C","F")` लिहिलं की उत्तर ३३.८ येतं. एक अंश तापमानाचं उत्तर म्हणून ते अगदी बरोबर आहे. पण एक अंश फरकाचं उत्तर १.८ आहे, आणि तुमचा १ तापमान आहे की फरक हे त्या बिचाऱ्या फंक्शनला कळायला मार्ग नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागतं. माझा साधा ठोकताळा असा: आकड्याला “ने” लावून वाक्य जमलं, म्हणजे “एका अंशाने जास्त”, “दोन अंशांनी कमी”, तर तो फरक आहे. त्याला फक्त गुणायचं. “इतक्या अंशांवर” असं वाक्य जमलं तर ते तापमान आहे, त्याला ३२ सकट सूत्र लावायचं. प्रमाण विचलन नेहमी पहिल्या खणात पडतं.

थर्मामीटरच खोटा बोलत असेल तर

दहाव्या माशाकडे परत या. ४०.१ फॅरनहाइट म्हणजे ४० च्या वर. तो क्रेट बाजूला काढायचा का? तो निर्णय घेण्याआधी थर्मामीटर तपासून घ्यावा.

बर्फ बारीक फोडा, भांडं त्याने गच्च भरा आणि फटी भरतील एवढंच पाणी ओता. पाणी गोडं घ्या. बंदरावर सवयीने समुद्राचं पाणी घेतलं जातं, पण मिठाने मिश्रणाचं तापमान शून्याच्या खाली जातं आणि तपासणीच फुकट जाते. ढवळून सुईचं टोक मधोमध धरा, तळाला वा कडेला टेकू देऊ नका, आणि आकडा हलायचा थांबेपर्यंत थांबा. शून्य दिसायला हवं. समजा ०.५ दिसलं आणि पुन्हा पुन्हा तेच दिसलं, तर हा थर्मामीटर अर्धा अंश जास्त दाखवतोय.

दुरुस्ती म्हणजे प्रत्येक नोंदीतून ०.५ वजा करणं. सरासरी २.५ ची २.० होते आणि प्रमाण विचलन १.० च राहतं. सगळे आकडे एकत्र सरकले, त्यांचं आपसातलं अंतर बदललं नाही. पंधरा दिवस जुनी वही असेल आणि मूळ नोंदी पुन्हा टाइप करायला वेळ नसेल, तरी सरासरीतून ०.५ काढून टाकलं की काम झालं, विचलनाला हात लावायचा नाही. (मूळ नोंदी खोडायच्या मात्र नाहीत. दुरुस्ती शेजारच्या रकान्यात लिहायची, नाहीतर तपासणीला येणारा माणूस भलताच संशय घेतो.)

दहावा मासा आता ४.० अंश सेल्सिअस, म्हणजे ३९.२ फॅरनहाइट. मर्यादेच्या आत. पण हे गणित उलट्या क्रमाने केलं, आधी फॅरनहाइट आणि मग दुरुस्ती, तर काळजी घ्यावी लागते. थर्मामीटरची चूक अर्धा अंश सेल्सिअसची आहे. ती चूक म्हणजे फरक, म्हणून फॅरनहाइटमध्ये ती ०.९ आहे. ४०.१ मधून ०.९ गेले की ३९.२, हिशोब जुळला. कुणी तिथेही ०.५ च वजा करतो आणि त्याचा मासा ३९.६ वर राहतो. कुणी ०.५ कन्व्हर्टरमध्ये घालून ३२.९ आणतो. तो निदान लगेच पकडला जातो, कारण मासा सात अंशांवर जाऊन बसतो. आधी दुरुस्ती, मग रूपांतर, हा क्रम ठेवला की हा घोळच उरत नाही:

```
=(A2-0.5)*1.8+32
```

स्थिरांक सगळ्यांना एकच हवा, ही अट मात्र विसरू नका. कारखान्यात दोन थर्मामीटर असतात आणि दोन मुलं दोन बाजूंनी मोजत येतात. समजा यादीतल्या वरच्या पाच नोंदी, म्हणजे २.५ पासून ४.५ पर्यंतच्या, बिघडलेल्या थर्मामीटरच्या निघाल्या आणि खालच्या पाच चांगल्याच्या. मग दुरुस्ती पाचांनाच करायची. सरासरी २.२५ येते आणि प्रमाण विचलन १.० वरून साधारण ०.८२ वर उतरतं. अर्धी यादी सरकली, अर्धी जागेवर राहिली, म्हणजे आपसातली अंतरं बदलली. इथे कुठलाच शॉर्टकट चालत नाही, एकेक नोंद दुरुस्त करून नव्यानेच मोजावं लागतं. म्हणून वहीत थर्मामीटरचा नंबर लिहायचा रकाना हवाच हवा.

दुसरी शक्यता अशी की थर्मामीटर शून्याला बरोबर आहे पण वर जाताना पट्टी ताणली गेलीय. सुई १०० अंशांपर्यंतची असेल तर उकळत्या पाण्यात बघता येतं. आपण समुद्रसपाटीला असल्याने पाणी जवळजवळ १०० लाच उकळतं, घाटावरच्यांसारखा उंचीचा हिशोब करावा लागत नाही. तिथे १०२ दिसले तर ही चूक मिळवण्याची नाही, गुणण्याची आहे. प्रत्येक आकडा १.०२ ने भागावा लागेल, आणि मग सरासरीबरोबर प्रमाण विचलनही त्याच पटीत कमी होईल. चार अंशांवर हा फरक ०.०८ चा आहे, चिल रूमच्या वहीत तो दिसणारही नाही. कोळंबी उकडायच्या टाकीवर तोच थर्मामीटर वापरलात तर मात्र दीड-दोन अंश सहज जातील.

विचलनाची टक्केवारी: तापमानाला नको

अहवालाच्या नमुन्यात पुष्कळदा आणखी एक रकाना असतो, सीव्ही. प्रमाण विचलनाला सरासरीने भागायचं आणि शंभरने गुणायचं. दुरुस्त केलेल्या आकड्यांवर ते करून पाहा. सेल्सिअसमध्ये १.० भागिले २.०, म्हणजे ५० टक्के. फॅरनहाइटमध्ये १.८ भागिले ३५.६, म्हणजे ५ टक्के. मासे तेच, बर्फ तोच, रात्रही तीच, आणि चढउतार दसपट कमी झाल्याचा देखावा. केल्व्हिनमध्ये नेलंत तर सरासरी २७५.१५ आणि सीव्ही अर्ध्या टक्क्याच्याही खाली.

यात गणिताची चूक कुठेच नाही. भागाकारात वरचा आकडा स्थिरांकाला दाद देत नाही, खालचा देतो, त्यामुळे शून्य कुठे ठेवलंय यावर उत्तर अवलंबून राहतं. सेल्सिअसचं शून्य बर्फाच्या वितळण्यावर ठेवलेलं आहे, “तापमान मुळीच नाही” असा त्याचा अर्थ नाही. माशाच्या वजनाचं तसं नसतं. बंगड्याचं सरासरी वजन १२० ग्रॅम आणि विचलन १८ ग्रॅम असेल तर सीव्ही १५ टक्के, आणि पौंडात, औंसात, किलोत कशातही न्या, १५ टक्केच. तिथे फक्त गुणाकार होतो, तो वर आणि खाली सारखाच लागतो आणि कटतो. म्हणून वजनाच्या तक्त्यात सीव्ही खुशाल द्या. तापमानाच्या तक्त्यात तो रकाना रिकामा सोडून शेजारी “लागू नाही” लिहिलेलं बरं. ५ टक्के लिहून माल एकसारखा थंड असल्याचं दाखवणं म्हणजे धूळफेक आहे, मग ती नकळत का असेना.

अहवाल पाठवण्याआधी तीन ठिकाणी बोट ठेवा

पहिलं, एक मासा निवडा आणि तो सरासरीपासून किती विचलनांवर आहे ते दोन्ही मापांत काढा. मूळ यादीतला सगळ्यात गरम मासा सेल्सिअसमध्ये २ अंशांनी वर, विचलन १, म्हणजे २ विचलनं. फॅरनहाइटमध्ये ३.६ अंशांनी वर, विचलन १.८, पुन्हा २. हा आकडा माप बदललं तरी हलत नाही, कारण ३२ वजाबाकीत जातात आणि १.८ भागाकारात. दोन उत्तरं वेगळी आली तर रूपांतरात कुठेतरी गफलत आहे. ४० च्या मर्यादेसाठीही हेच करता येतं: दुरुस्त सरासरी ३५.६ पासून ती ४.४ वर आहे, म्हणजे जवळपास २.४ विचलनं. दोन अहवाल वेगवेगळ्या मापांत असतील तेव्हा तुलना याच आकड्याने करावी.

दुसरं, पूर्णांकात आणायची घाई. वरची फॅरनहाइटची यादी पूर्णांकात आणली तर ४०.१ चे ४० होतात आणि नापास मासा पास होतो. ३६.५ चे तीन मासे ३७ वर चढतात. सरासरी ३६.७ होते, विचलन १.८ चं १.६ होतं. आकडे अखेरपर्यंत जसेच्या तसे ठेवा आणि छापताना एकदाच गोल करा.

तिसरं, एकाच रकान्यात दोन मापं. कुणाच्या तरी हातून थर्मामीटरचं बटण दाबलं जातं आणि २.५ ऐवजी ३६.५ लिहिलं जातं. दहातली एकच नोंद अशी गेली तर सरासरी ५.९ वर जाते, पण ओरडतं ते विचलन: १.० वरून जवळपास ११ वर. म्हणून विचलन एकाएकी दसपट झालं की बर्फ संपला का हे विचारण्याआधी वही चाळा. ३६.५ अंश सेल्सिअस हे जिवंत माणसाचं तापमान आहे, बंगड्याचं नव्हे.

एक बारीक गोष्ट राहिली. काही नमुन्यांत तापमानाऐवजी “मर्यादेला किती बाकी” हा आकडा मागतात, म्हणजे ४० वजा तापमान. सरासरी बाकी ४० वजा ३५.६, म्हणजे ४.४. इथे गुणक उणे एक आहे, म्हणून सगळ्यात गरम माशाची बाकी सगळ्यात कमी होते, क्रम उलटतो. विचलन मात्र १.८ च, उणे १.८ नाही. पसरण कधी उणे नसते, म्हणून गुणकाचं चिन्ह टाकून फक्त त्याचा आकार घ्यायचा.

हे सगळं कुठे लागू पडत नाही

गुणा आणि मिळवा, एवढ्यात रूपांतर बसत असेल तरच वरचं खरं. ग्रॅम-पौंड, मिलिमीटर-इंच, वाव-मीटर, सेल्सिअस-फॅरनहाइट, सगळी बसतात. पण बोटीचा वेग आणि किनाऱ्याला यायला लागणारा वेळ यांचं नातं तसं नाही, कारण तिथे वेग भागाकाराच्या खाली जातो. १८ सागरी मैलांवरून दोन बोटी निघाल्या, एक ६ नॉटने आणि एक ९ नॉटने. पहिलीला तीन तास लागतात, दुसरीला दोन, सरासरी अडीच तास. वेगाची सरासरी मात्र ७.५ नॉट, आणि त्यावरून वेळ काढाल तर २.४ तास येतात. सहा मिनिटं कुठे गेली ते शोधत बसू नका. अशा ठिकाणी सरासरीचं रूपांतर करायचंच नसतं. प्रत्येक बोटीचा वेळ आधी काढायचा आणि सरासरी, विचलन दोन्ही त्या वेळांवरूनच मोजायचं.